अर्ज बापाचा, वर्षं मुलाची

मास्तर : गुरुजी, तुम्ही दिलेला अर्ज दोनदा वाचला. वेदपाठशाळेत मुलाला घालण्यासाठी एका बापानं केलेला अर्ज. पहिल्या पानावर नाव, जन्मतारीख, गोत्र, प्रवर, वेद, शाखा, सूत्र, मुंज कधी झाली. दुसऱ्यावर वडिलांचा व्यवसाय, उत्पन्न, घरात कोण कोण. तिसऱ्यावर अपेक्षा. चौथ्यावर निवासाची माहिती : आजार, औषधं, जेवणाची पथ्यं, आणीबाणीत कोणाला कळवायचं. चार पानांत मुलगा कुठे आहे ते शोधत होतो. त्याला काय आवडतं, वाचतो का, गातो का, घर सोडून राहायला तयार आहे का, याला रकानाच नाही. मी बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली. पहिलीच्या प्रवेशाला मुलाचं मत कोणी विचारत नाही, हे मला माहीत आहे. पण पहिलीतला मुलगा संध्याकाळी आईकडे परततो. हा परतणार नाही. त्याचं वय दहा.

गुरुजी : मुलगा अर्जात नसतोच, मास्तर. तो पुढे येऊन बसतो तेव्हा दिसतो. अर्जावरून मला घर दिसतं, आणि ते आधी दिसावं लागतं. या बापानं काय लिहिलंय पाहा. वेद : ऋग्वेद. शाखा : आश्वलायन. सूत्र : रिकामं. प्रवर : रिकामं. आपल्याकडच्या ऋग्वेदी घरांत आश्वलायन हे सूत्र, शाखा शाकल. ही चूक बरेच लोक करतात, तेवढ्यासाठी मी कोणाचा अर्ज बाजूला ठेवत नाही. पण त्यावरून एक गोष्ट कळते. संध्या करणारा माणूस अभिवादनात रोज आपलं गोत्र, प्रवर, सूत्र, शाखा म्हणतो. म्हणजे या घरात संध्या चालू नाही. मुंज झाली आणि जानवं खुंटीवर गेलं. उद्या हा मुलगा दिवाळीला पंधरा दिवस घरी गेला, की त्याच्यासोबत एक सूक्त म्हणायला कोणी नाही. परत येईल तेव्हा निम्मं सांडलेलं असेल. पूर्वी आमच्याकडे यायची ती वैदिकांच्या घरची मुलं. त्यांच्या कानावर स्वर आधीच असायचे. आता येतात ती अशी. त्यांना घेऊ नये असं मी म्हणत नाही. पण त्यांच्यावर वर्षभर वेगळी मेहनत लागते, आणि ती करायची तयारी आहे का, हे मला आधी ठरवावं लागतं.

मास्तर : मग बापाला जे स्वतःला जमलं नाही, ते तो दहा वर्षांच्या मुलाकडून करून घेतोय, असं म्हणू का? आणि अपेक्षांच्या रकान्यात काय लिहिलंय : ‘मुलावर चांगले संस्कार व्हावेत, मोबाईलपासून लांब राहावा, शिस्त लागावी, पुढे आपल्या पायावर उभा राहावा.’ यात वेद कुठे आहे? वडील पिग्मी एजंट, आई शिलाई करते, मोठी मुलगी नववीत. तालुक्याच्या गावी भाड्याचं घर. आणि खाली एक ओळ : ‘निवास व भोजन विनामूल्य असल्याचे समजले.’ माझ्या मते सगळा अर्ज त्या एका ओळीत आहे.

गुरुजी : तुम्ही कडू बोलताय, पण खोटं नाही. बऱ्याच अर्जांत ती ओळ असते, कधी लिहिलेली, कधी न लिहिलेली. मला त्यात पाप दिसत नाही. माधुकरी मागून शिकलेल्या लोकांच्या परंपरेतला मी आहे. गरिबी हे विद्येकडे यायचं जुनंच कारण आहे. मला राग येतो तो ‘संस्कार’ या रकान्याचा. ही मुलं सुधारायची जागा नाही. घरी ऐकत नाही, मोबाईल सोडत नाही, म्हणून पाठशाळेत टाका, असं ज्याच्या मनात आहे त्याचा मुलगा इथं टिकत नाही. आणि ‘पायावर उभा राहावा’ म्हणजे नेमकं काय, हे बापाला कळलेलं नाही. त्याला याज्ञिक हवाय की वैदिक? सत्यनारायण, गणपती, वास्तुशांत, लग्नं लावता यावीत एवढंच हवं असेल, तर पौरोहित्याचे वेगळे वर्ग असतात, दोन-तीन वर्षांत काम भागतं. आमच्याकडे संहिता पाठ करायची असते. त्यानंतर पद, क्रम, आणि ज्याची छाती असेल त्यानं जटा, घन. संहिता, ब्राह्मण, आरण्यक आणि त्याला जोडलेली वेदांगं धरून दशग्रंथ. ते करायला दहा-बारा वर्षं लागतात. बाप ज्या गोष्टीसाठी अर्ज करतोय आणि मी जी देतोय, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे त्याला पत्रानं कळवणार आहे.

मास्तर : कळवाच. पण मला आधी एक गणित सांगा. पाठांतर पाठांतर म्हणतात, ते मुलाच्या दिवसात किती बसतं? आमच्याकडे पाढे तीसपर्यंत पाठ करायला मुलं वर्ष घेत.

गुरुजी : गणित सोपं आहे. ऋक्संहितेत दहा मंडलं, १०२८ सूक्तं, ऋचा साडेदहा हजारांच्या आसपास. संहितेला पाच वर्षं धरा. म्हणजे वर्षाला एकवीसशे. आता वर्षातले दिवस. दोन्ही पक्षांतल्या प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, आणि पौर्णिमा-अमावास्या, हे अनध्याय. त्या दिवशी नवी संथा द्यायची नाही. महिन्यातले आठ दिवस गेले. राहिले बावीस. बारा महिन्यांचे दोनशे चौसष्ट. त्यातून सण, सुट्ट्या, ताप-खोकला वजा केला, तर दोनशे वीस हाती लागतात. म्हणजे रोज साडेनऊ-दहा नव्या ऋचा. मी एक चरण म्हणतो, मुलं तो दोनदा म्हणतात. मग अर्धी ऋचा, मग पूर्ण. ती संथा घेऊन मुलगा बाजूला बसतो आणि पुनःपुन्हा म्हणतो. दुसऱ्या दिवशी ती न चुकता आली, तरच पुढची.

पण अवघड काम ते नव्हे. अवघड आहे मागचं सांभाळणं. तिसरं वर्ष संपताना मुलाच्या मागे सहा हजारांवर ऋचा असतात. त्या फिरवल्या नाहीत तर जातात. सगळी संहिता झाल्यावर रोज एक अष्टक म्हटलं, तरी एका फेरीला आठ दिवस. त्यामुळे जसजसं शिकणं वाढतं, तसतसा नवं शिकायचा वेळ कमी होतो आणि आवृत्तीचा वाढतो. हे अर्ज करणाऱ्याच्या लक्षात येत नाही. त्याला वाटतं, पाच वर्षं कष्ट आणि मग झालं. आमच्यात झालं असं काही नसतं. वैदिक साठीचा झाला तरी पहाटे उठून म्हणतच असतो.

मास्तर : आणि हे दहाव्या वर्षीच का? मोठेपणी, समजून-उमजून, स्वतःच्या इच्छेनं का नाही? अठराव्या वर्षी आलेला मुलगा अर्थासकट शिकेल. बिनअर्थाचं पाठांतर हे ओझं आहे, हे मी म्हणत नाही. यास्कानंच निरुक्तात अर्थ न जाणता वेद म्हणणाऱ्याची खिल्ली उडवली आहे.

गुरुजी : आणि ते निरुक्त दशग्रंथांतच आहे. आम्ही ते पाठ करतो, खिल्लीसकट. अर्थ नंतर येतो, काहींना येत नाही, ही आमची दुखरी जागा आहे, मान्य. पण वयाचं कारण वेगळं आहे. ऋग्वेदाच्या छापील पोथीत अक्षराखाली आडवी रेघ दिसते, तो अनुदात्त. डोक्यावर उभी रेघ, तो स्वरित. उदात्ताला खूणच नाही. ते वाचून शिकता येत नाही, कानानं उचलावं लागतं. मुलगा समोर बसला की मी त्याची स्मरणशक्ती तपासत नाही. गायत्री छंदातला एक चरण, आठ अक्षरं, म्हणून दाखवतो आणि म्हणायला सांगतो. शब्द चुकले तर चालतात. मी बघतो, माझा आवाज जिथे खाली गेला तिथे त्याचा गेला का. श, ष, स वेगळे येतात का. ऱ्हस्व-दीर्घ धरतो का. नऊ-दहा वर्षांचं मूल हे सहज उचलतं. सोळा-अठराचा मुलगा अर्थ विचारतो, आणि विचारता विचारता त्याचे स्वर सपाट होतात. आणि स्वर एकदा चुकीचा बसला, की तो काढायला दुप्पट वेळ लागतो. पुढे क्रमात पहिलं पद दुसऱ्याशी, दुसरं तिसऱ्याशी जोडायचं. जटेत पहिलं-दुसरं, मग उलटून दुसरं-पहिलं, मग पुन्हा पहिलं-दुसरं. दर उलटीला संधी बदलतो, स्वर बदलतो. संहितेत राहिलेली चूक तिथे उघडी पडते, आणि मग मागे जाऊन ऋचाच नव्यानं बसवावी लागते. म्हणून लहान वय लागतं. यात माझा हट्ट नाही.

मास्तर : म्हणजे ज्या वयात ही विद्या येते, त्या वयात मूल होकार देऊ शकत नाही. आणि ज्या वयात होकार देऊ शकतं, त्या वयात ती येत नाही. असंच ना?

गुरुजी : असंच. पण हे फक्त वेदाचं नाही. तबलजीच्या मुलाला पाचव्या वर्षी डग्ग्यावर बसवतात, तेव्हा कोणी त्याचा होकार मागत नाही.

मास्तर : तबलजीचा मुलगा शाळेतही जातो. त्याचं बोट तबल्यावर नाही चाललं, तर तो बँकेत चिकटतो. इथं शाळा सुटते. मी मुळात त्याच मुद्द्यावर येतोय. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळा. पण २०१२ च्या दुरुस्तीनं मदरसे, वैदिक पाठशाळा आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था त्यातून वगळल्या. तुम्हाला मोकळीक मिळाली. पण मोकळीक म्हणजे काय? आमच्या शाळेत किती मुलांमागे किती शिक्षक, स्वच्छतागृह कसं, शिक्षकाची पात्रता काय, याची मोजमापं होती. तुमच्याकडे ती त्या कायद्यानं येत नाहीत. बाप अर्जावर सही करतो, तेव्हा मुलाच्या वतीनं तो हे सगळं सोडून देतो. हे त्याला कोणी सांगितलंय का? अर्जात एक ओळ तरी आहे का?

गुरुजी : नाही. असायला हवी. पण वाट बंद असते असं नाही. उज्जैनच्या महर्षि सांदीपनि राष्ट्रीय वेदविद्या प्रतिष्ठानाशी ज्या पाठशाळा जोडलेल्या आहेत, तिथे पाच वर्षांचं वेदभूषण आणि पुढे दोन वर्षांचं वेदविभूषण. पहिलं दहावीच्या बरोबरीचं, दुसरं बारावीच्या. त्यात संस्कृत, इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र असतं, मुलांना विद्यावृत्तीही मिळते. आमची पाठशाळा त्याला जोडलेली नाही. आमची मुलं सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसतात.

मास्तर : का जोडली नाही?

गुरुजी : दिवस पुरत नाही म्हणून. पाच विषयांचे तास घातले, तर सकाळची संथा आणि दुपारची आवृत्ती यांतलं काहीतरी कापावं लागतं. मग रोजच्या दहा ऋचा सहावर येतात, आणि पाच वर्षांची संहिता आठ वर्षांची होते. ज्यांना ते जमवता येतं, त्यांना माझा नमस्कार. मला एकट्याला तीन वर्गांच्या मुलांना संथा द्यायची असते, मला जमत नाही.

मास्तर : मग निदान एवढं करा. सतरा नंबरच्या फॉर्मला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. बाप गडबडीत दाखला काढतो, तुमच्या कपाटात देतो, आणि चार वर्षांनी तो सापडत नाही. मी असे बाप आमच्या कार्यालयात हेलपाटे घालताना पाहिले आहेत. अर्जासोबत प्रत मागा, मूळ दाखला बापाकडेच राहू दे. आणि मुलगा इथं पक्का होईपर्यंत शाळेतून नावच काढायला लावू नका.

गुरुजी : हे पटलं. लिहून घेतो.

(इथं वाचकांना एक सांगायला हवं. हा अर्ज कोणा एका कुटुंबाचा नाही. असे अर्ज येतात तसा तो रचला आहे, आणि दोघे बोलणारेही. पाठशाळेचा विषय निघाला की आपल्याकडे एकजण परंपरेची आरती म्हणतो, दुसरा बुरसटलेपणाचा शिक्का मारतो, आणि दोघांपैकी कोणी चौथं पान वाचत नाही. मला चौथ्या पानाची काळजी जास्त वाटते, म्हणून मास्तरांना तिकडे वळवतो.)

मास्तर : आता निवास. चौथ्या पानावर सामानाची यादी तुमची छापील : दोन धोतरं, दोन उपरणी, चार पंचे, पळी-पंचपात्र, तांब्या, ताट-वाटी, अंथरूण-पांघरूण, कुलपाची पेटी. खाली पथ्यं : कांदा-लसूण चालत नाही. हे सगळं ठीक. आता बापानं तळाला बारीक अक्षरात लिहिलेलं वाचा. ‘मुलगा कधी कधी रात्री अंथरूण ओले करतो. कृपया इतर मुलांसमोर बोलू नये.’ गुरुजी, त्या माणसाला प्रवर माहीत नाही, शाखा माहीत नाही. पण मुलगा माहीत आहे. अख्ख्या अर्जात मुलाबद्दलचं एवढं एकच खरं वाक्य आहे, आणि त्याला तुमच्या फॉर्मात जागा नव्हती म्हणून ते समासात आलंय.

गुरुजी : ते मी वाचलं होतं. अशा मुलाला दाराजवळ झोपवतो, रात्री एकदा उठवतो, सकाळी अंथरूण कोणी उठायच्या आत वाळत घालतो. दोन-तीन महिन्यांत बहुधा थांबतं.

मास्तर : कोण उठवतं? तुम्ही?

गुरुजी : मोठा विद्यार्थी. मी मागच्या घरात झोपतो.

मास्तर : इथेच माझी हरकत आहे. दहा वर्षांचा मुलगा, घरापासून लांब, अंथरुणाची लाज वाटणारा, आणि रात्री त्याची जबाबदारी सोळा वर्षांच्या मुलावर. तुमच्याकडे काही वावगं घडतं असं मी म्हणत नाही. पण जिथे जिथे वावगं घडलं, मग ते कुठलंही वसतिगृह असो, आश्रमशाळा असो, मठ असो, तिथे रचना अशीच होती. लहान मूल, मोठा मुलगा, मोठं माणूस भिंतीपलीकडे, आणि घरी बोलायला फोन गुरुजींच्या खोलीत. पॉक्सो कायदा २०१२ चा, त्यातून कुठलीही पाठशाळा वगळलेली नाही. गुन्हा कळला आणि कळवला नाही, तर न कळवणं हाही त्या कायद्यानं गुन्हाच आहे. तुमच्या नियमपत्रकात ‘आठवड्यातून एकदा, गुरुजींच्या उपस्थितीत घरी बोलता येईल’ असं आहे. ती ‘उपस्थितीत’ ची अट काढा. मुलाला आईशी एकट्यानं बोलू द्या.

गुरुजी : मास्तर, तुम्हाला माहीत आहे का, ती अट का घातली? पहिल्या दोन महिन्यांत मुलगा फोनवर रडतो. आई रडते. दुसऱ्या दिवशी बाप एसटीनं येऊन घेऊन जातो. तिसऱ्या महिन्यात तोच मुलगा रमला असता. मी समोर बसलो की रडणं आवरतं.

मास्तर : रडणं आवरतं, सांगणंही आवरतं. तुम्हाला त्यातलं एक हवंय, पण दोन्ही एकाच दारानं जातात.

गुरुजी : …हे मी असं पाहिलं नव्हतं. फोन बाहेर ओसरीवर देतो. आणि रात्री लहान मुलांच्या खोलीशेजारी मी किंवा स्वयंपाकाचे काका, कोणीतरी मोठं माणूस. पण रडून जाणारी मुलं जातील, त्याचं काय करायचं ते मला अजून कळत नाही.

मास्तर : जाऊ द्या. आता दुसरं. मोठी मुलगी नववीत, बापानं लिहिलंय ‘अभ्यासात हुशार, शाळेत गायनात पहिली’. तुमच्या चाचणीचा कान बहुतेक तिलाच आहे. तिचा अर्ज का नाही?

गुरुजी : कारण आमच्या पाठशाळेत मुलींना प्रवेश नाही, आणि मुंज झालेल्या ब्राह्मण मुलांखेरीज इतरांनाही नाही. मी तुमच्यापुढे सारवासारव करणार नाही. शाहू महाराजांनी वेदोक्ताच्या वादानंतर कोल्हापुरात ब्राह्मणेतरांसाठी पौरोहित्याचं शिक्षण सुरू केलं, पुण्यात ज्ञानप्रबोधिनीत बायका आणि कुठल्याही जातीचे लोक पौरोहित्य शिकतात. त्यांनी संस्कार उत्तम चालवलेत. पण पूर्ण संहिता स्वरासकट मुखोद्गत करण्याची परंपरा अजून बहुतेक जुन्या चौकटीतच आहे. मला विचाराल तर कान कोणाचाही असू शकतो. संस्थेला विचाराल तर उत्तर नाही असं आहे. मी संस्थेचा नोकर आहे.

मास्तर : म्हणजे पाठक मिळत नाहीत म्हणून हळहळायचं, आणि दार निम्म्याहून अधिक बंद ठेवायचं. ठीक, यावर आपलं आज जमणार नाही. मला त्या मुलाच्या परतीच्या वाटेकडे येऊ द्या. शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमात एक चांगली तरतूद आहे. शाळाबाह्य मुलाला, चौदा वर्षांपर्यंत, त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश द्यायचा. मागचं भरून काढायला खास प्रशिक्षण द्यायचं. मी स्वतः ऊसतोडीची, वीटभट्टीवरची मुलं अशी बसवली आहेत. म्हणजे तुमच्याकडचा मुलगा अकराव्या, बाराव्या, तेराव्या वर्षी परत आला, तर जिल्हा परिषदेची शाळा त्याला नाही म्हणू शकत नाही. चौदानंतर ती वाट जवळपास मिटते. आता हा मुलगा दहाव्या वर्षी येतोय. तुमची पाच वर्षं पंधराव्या वर्षी संपतात. म्हणजे जो काय निर्णय व्हायचा तो तेराव्या वर्षी व्हायला हवा. माझी सूचना एवढीच : तेरा पूर्ण झाल्यावर दुसरा अर्ज. तो मुलानं लिहायचा, स्वतःच्या अक्षरात. मला पुढे शिकायचंय, किंवा मला परत जायचंय. बापाची सही नको.

गुरुजी : तेराव्या वर्षी! मास्तर, तुम्ही बत्तीस वर्षं मुलांत काढलीत आणि तेराव्या वर्षाच्या मुलाला विचारताय? त्याच सुमाराला आवाज फुटतो. दोन वर्षं ज्या स्वरात म्हटलं त्या स्वरात गळा जात नाही, मुलगा चिडतो, म्हणणं टाळतो. घरी असलेला भाऊ क्रिकेट खेळतो, आपण शेंडी ठेवून गावातून जाताना पोरं मागे लागतात. त्या वर्षी विचाराल तर प्रत्येकजण जातो म्हणेल. मीही म्हणालो असतो. आणि गेला, तर त्याच्या हाती काय? पाच-सहा हजार ऋचा, ज्या आवृत्तीवाचून वर्षभरात विरतील. तीन वर्षं गेली, विद्या गेली, शाळेतही तो मागे. त्यापेक्षा कधीच न आलेला बरा.

मास्तर : आणि न विचारता ठेवला, तर पंधराव्या वर्षी संहिता आली, दहावीला सतरा नंबर, आणि मग? गणपतीच्या दहा दिवसांत चांगली दक्षिणा मिळते, तिकडे तो जाणार. घनापर्यंत किती पोचतात ते तुम्हीच सांगता. लग्नाचं तर विचारूच नका. कर्नाटकात २०२१ मध्ये पुरोहितांशी लग्न करणाऱ्या मुलींसाठी सरकारी ब्राह्मण मंडळाला योजना काढावी लागली. मग तो तिशीत तुम्हाला विचारेल की मला का नाही विचारलंत. तेव्हा तेराव्या वर्षाचा राग तुमच्या मते राग होता, हे त्याला कसं समजावणार?

गुरुजी : नाही समजावता येणार. पण एक पाहा. तुम्ही तेराव्या वर्षी विचारा म्हणता, कारण कायद्याची वाट चौदाला संपते. माझा अनुभव सांगतो की त्या वर्षी विचारू नये. म्हणजे भांडण तुमच्या-माझ्यात नाही. वाट फार लवकर मिटते आणि विद्या फार उशिरा पक्की होते, हे खरं भांडण आहे. मी एवढं करू शकतो : तेराव्या वर्षी विचारतो, पण एकाच दिवशी नाही. आवाज फुटण्याच्या आधी एकदा, आणि सहा महिन्यांनी पुन्हा. दोन्ही वेळा जातो म्हणाला, तर दाखला माझ्याकडे नाहीच, बापाकडे आहे. आणि रोज संध्याकाळी एक तास गणित आणि मराठी, तेवढ्यासाठी दहा ऋचांच्या आठ होऊ देत.

मास्तर : सहा महिन्यांत पहिल्यांदा नाही म्हणालेल्या मुलावर तुम्ही, बाप, आई, सगळे मिळून काय कराल, ते मला माहीत आहे. तो दुसऱ्यांदा हो म्हणेल. ते त्याचं हो असेल का?

गुरुजी : सांगता येत नाही. तुमच्या शाळेत विज्ञान शाखेला गेलेल्या मुलाचं हो त्याचंच होतं, हे तुम्हाला सांगता येतं का?

मास्तर : नाही येत. पण तो संध्याकाळी घरी जायचा. ते सोडून देतो. या अर्जाचं काय करणार?

गुरुजी : परत पाठवतोय, नाकारून नाही. पत्रात पाच गोष्टी लिहितो. हे पौरोहित्याचं शिक्षण नव्हे, संहितेचं आहे, पाच वर्षांत पायावर उभा राहील अशी हमी नाही. शिक्षण हक्क कायदा इथं लागू नाही. मूळ दाखला काढू नका, शाळेत नाव राहू द्या. उन्हाळ्याच्या सुटीत मुलाला आठ दिवस घेऊन या, आईनंही यावं, पहिले दोन दिवस तिनं राहावं. आणि शेवटचं, तुम्ही समासात जे लिहिलंत त्याची काळजी घेतली जाईल, त्याविषयी मुलाशी काही बोलू नका.

मास्तर : सहावी गोष्ट राहिली. मुलाला वेगळं पत्र लिहा. चार ओळी. पाकिटावर त्याचं नाव घाला.

गुरुजी : दहा वर्षांच्या मुलाला पाठशाळेनं पत्र लिहिल्याचं मी ऐकलेलं नाही.

मास्तर : मीही नाही. लिहा.